४८ पैकी ४८: छताला टेकलेल्या गुणांवरून फरक वाचण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण एका पुनर्वसन विभागातलं आहे. विभाग ओळखू येऊ नये म्हणून प्रश्नावलीचे तपशील बदलले आहेत आणि आकडेही थोडे इकडेतिकडे सरकवले आहेत. त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र तसंच ठेवलं आहे. माझं काम आकडेवारीच्या बाजूचं होतं. त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यातली एक, आणि बहुधा सगळ्यात महाग पडलेली, माझीच आहे.

## पार्श्वभूमी

गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर रुग्णांना बारा आठवड्यांचा व्यायाम दिला जातो. विभागाने नेहमीच्या व्यायामाबरोबर एक वाढीव कार्यक्रम सुरू केला होता. त्यात आठवड्यातून दोन जादा सत्रं होती आणि मांडीच्या स्नायूंसाठी हळूहळू वजन वाढवत नेलं जात असे. त्यासाठी फिजिओथेरपिस्टचा वेळ जवळजवळ दुप्पट लागायचा, त्यामुळे तो चालू ठेवायचा की नाही हा प्रश्न विभागप्रमुखांपुढे होता.

एकूण ८० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकून ४० जणांना नेहमीचा आणि ४० जणांना वाढीव कार्यक्रम दिला. मोजणी दोनदा झाली, शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांनी. मुख्य माप म्हणून १२ प्रश्नांची प्रश्नावली होती: रात्री दुखतं का, खुर्चीतून उठताना त्रास होतो का, एक मजला जिना उतरता येतो का, अशा धर्तीची. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. ० म्हणजे अजिबात जमत नाही, ४ म्हणजे काहीच त्रास नाही. बेरीज ० ते ४८.

याच घडणीची ऑक्सफर्ड नी स्कोअर ही प्रश्नावली अनेकांच्या ओळखीची असेल. तिचीही बेरीज आज ० ते ४८ धरतात आणि ४८ सर्वांत चांगले. सुरुवातीला मात्र ती १२ ते ६० अशी मोजली जायची आणि तेव्हा कमी गुण चांगले असायचे. हे इथे सांगण्याचं कारण असं की कुणी ‘फ्लोअर इफेक्ट’ किंवा ‘सीलिंग इफेक्ट’, म्हणजे बरेच जण पट्टीच्या तळाला किंवा छताला टेकलेत असं म्हणालं की आधी विचारावं, तळ म्हणजे वाईट टोक की चांगलं? ते गुणांची दिशा ठरवते. या लेखात छत म्हणजे ४८, म्हणजे ज्याला प्रश्नावलीतल्या एकाही गोष्टीचा त्रास नाही असा माणूस. तळ म्हणजे ०.

अभ्यास सुरू होण्याआधीच एक नियम ठरला होता. वाढीव गटाची सुधारणा नेहमीच्या गटापेक्षा सरासरी किमान ३ गुणांनी जास्त निघाली तर कार्यक्रम चालू, नाहीतर बंद. नियम आधी ठरवला हे चांगलंच झालं. पण तो नियम ज्या पट्टीवर टेकला होता ती पट्टी तेवढी लांब आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

## निकाल आला तेव्हा

नेहमीच्या गटाची सरासरी ३३.० वरून ४१.९ झाली, म्हणजे ८.९ ची वाढ. वाढीव गटाची ३३.२ वरून ४३.९, म्हणजे १०.७ ची. दोन वाढींमधला फरक १.८ गुण, आणि त्याभोवतीचं ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असं आकडे सुचवतात तो पट्टा, साधारण −०.७ ते ४.३. ठरलेल्या ३ पेक्षा कमी. बैठकीत पाच मिनिटांत निष्कर्ष निघाला की जादा सत्रांचा विशेष उपयोग नाही.

त्यावर वाढीव कार्यक्रम घेणाऱ्या ज्येष्ठ फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “सर, तुमचे आकडे मला मान्य आहेत. पण माझ्याकडे दोन बायका आहेत, दोघींना ४८ पैकी ४८. एकीला अर्ध्या मिनिटात खुर्चीतून अकरा वेळा उठता येतं, दुसरीला एकोणीस वेळा. तुमच्या कागदावर दोघी सारख्याच?”

त्या तीस सेकंदांच्या खुर्ची चाचणीबद्दल बोलत होत्या. हात छातीवर घडी घालून, आधार न घेता, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सगळ्यांचीच ही चाचणी दोन्ही वेळा झाली होती, पण दुय्यम माप म्हणून अहवालाच्या शेवटच्या पानावर पडून होती.

मी त्या रात्री जे करायला हवं होतं ते पहिल्यांदा केलं. सरासरी बाजूला ठेवली आणि सहा महिन्यांच्या गुणांचा स्तंभालेख काढला. सहा आठवड्यांचा आलेख नेहमीसारखा, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता. सहा महिन्यांचा आलेख उजवीकडे चढत गेला आणि ४८ वर एकदम भिंत. नेहमीच्या गटात १० जण (२५ टक्के) आणि वाढीव गटात १६ जण (४० टक्के) नेमके ४८ वर.

## अडचण नेमकी कुठे होती

सर्वांत वरच्या किंवा सर्वांत खालच्या गुणावर १५ टक्क्यांहून जास्त लोक असतील तर सीलिंग किंवा फ्लोअर इफेक्ट आहे असं मानण्याचा प्रघात आहे. तेरवी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या निकषांमुळे तो आकडा सगळीकडे रुळला. आमचे दोन्ही गट त्याच्या बरेच वर होते. पण मला १५ टक्क्यांच्या रेषेपेक्षा दुसरी मोजणी जास्त उपयोगी वाटते. ज्या फरकाला आपण अर्थ देणार आहोत, तेवढी जागाच ज्यांच्या डोक्यावर उरली नाही असे किती? आमचा फरक ३ गुणांचा. ४५ ते ४८ च्या दरम्यान नेहमीच्या गटात १६ आणि वाढीव गटात २२ जण होते. म्हणजे वाढीव गटातले निम्म्याहून जास्त लोक अशा जागी पोचले होते जिथून आणखी ३ गुण वर दाखवणं या प्रश्नावलीला एक तर अशक्य किंवा अगदी काठावरचं.

यातून तीन गोष्टी बिघडतात आणि त्या वेगवेगळ्या आहेत.

पहिली उघड आहे. ४८ च्या पुढची सुधारणा कापली जाते. ज्या गटात जास्त सुधारणा, त्याच गटात जास्त कापाकापी. म्हणून दोन गटांमधला फरक नेहमी लहान दिसण्याच्या बाजूला झुकतो. चूक दोन्हीकडे सारखी असती तर ती वजाबाकीत निघून गेली असती. इथे ती सारखी नाही.

दुसरी गोष्ट, विचलन, म्हणजे गुणांमधला पसारा, आकसतं. ४८ वरचे सोळा जण गणिताला तंतोतंत एकसारखे दिसतात. त्यामुळे विश्वासांतर जितकं रुंद असायला हवं त्यापेक्षा अरुंद येतं. आकडा चुकलेला आणि वर खात्रीही वाढलेली, असा हा दुहेरी घोटाळा.

तिसरी गोष्ट या प्रकरणात सर्वांत घातक ठरणार होती. ती पुढे येते.

## कोणते मार्ग विचारात घेतले

पुढच्या बैठकीत आलेख दाखवला तेव्हा सूचनांचा पाऊस पडला. त्यातल्या काही वरवर इतक्या समंजस होत्या की त्या का नाकारल्या हे सविस्तर सांगायला हवं.

### ४८ वाल्यांना वगळणं

“जे छताला टेकलेत ते मोजताच आले नाहीत, मग त्यांना काढून टाकू.” हे करून पाहिलं. नेहमीच्या गटात ३० जण उरले, सहा महिन्यांची सरासरी ३९.९. वाढीव गटात २४ उरले, सरासरी ४१.२. फरक आणखी घटून १.३ वर आला. हे व्हायचंच होतं. ज्यांना सर्वांत जास्त फायदा झाला त्यांनाच निकाल पाहून बाहेर काढलं, आणि वाढीव गटातून जास्त काढले. शिवाय उरलेले दोन गट आता चिठ्ठ्या टाकून बनलेले राहिले नाहीत. हा मार्ग पूर्ण बंद केला.

### उरलेल्या जागेची टक्केवारी काढणं

कल्पना अशी की प्रत्येकाला किती वर जायला जागा होती, त्यातली किती त्याने भरली ते पाहायचं. ३३ वर असलेल्याला १५ गुणांची जागा, तो ४३ वर गेला तर ६७ टक्के. ऐकायला न्याय्य. पण ४६ वरून ४७ वर गेलेल्याला ५० टक्के मिळतात, आणि तो एक गुण उद्या पुन्हा विचारलं तर सहज इकडचा तिकडे होईल. तोच ४६ वरून ४३ वर घसरला तर उणे १५० टक्के. भागाकारातला छेद जितका लहान तितका हा आकडा वेडावाकडा होतो, आणि छेद लहान असतो तो नेमका छताजवळच. मूळ तक्रार बाजूलाच राहते: ४८ ला पोचलेले सगळे १०० टक्क्यांवर, पुन्हा एकसारखेच.

### सुरुवातीच्या गुणांनुसार गट पाडणं

हीच ती तिसरी गोष्ट. रुग्णांचे दोन भाग केले. सहा आठवड्यांना ३४ किंवा कमी गुण असलेले ‘खालून सुरू झालेले’, ३५ किंवा जास्त असलेले ‘वरून सुरू झालेले’. प्रत्येक कार्यक्रमात खालचे २२, वरचे १८.

| | नेहमीचा: वाढ | वाढीव: वाढ | फरक |
|---|---|---|---|
| खालून सुरू झालेले | १०.२ | १३.३ | ३.१ |
| वरून सुरू झालेले | ७.३ | ७.५ | ०.२ |

टेबलाभोवती एकदम उत्साह आला. खालच्यांमध्ये फरक ३.१, म्हणजे ठरलेल्या रेषेच्या वर! विभागप्रमुख म्हणाले, “मग प्रश्नच मिटला. अशक्त रुग्णांना वाढीव कार्यक्रम द्यायचा, बऱ्या रुग्णांना नेहमीचा. खर्चही निम्मा.”

निर्णय जवळजवळ झालाच होता. इतका पटण्यासारखा निष्कर्ष, आणि पैसे वाचवणारा, की त्याला विरोध करणं म्हणजे उगाच खुसपट काढणं वाटावं.

पण वरून सुरू झालेल्या वाढीव गटाची सुरुवातीची सरासरी ३८.१ होती. त्यांच्या डोक्यावर सरासरी ९.९ गुणांचीच जागा होती. त्या १८ पैकी ११ जण ४८ वर जाऊन अडकले होते. नेहमीच्या कार्यक्रमातल्या वरच्या १८ पैकी ८ जण अडकले होते. म्हणजे दोन्हीकडचे मिळून निम्म्याहून जास्त लोक भिंतीला लागलेले असताना आपण विचारत होतो, कोण जास्त पुढे गेलं? ०.२ या आकड्याचा अर्थ “फरक नाही” असा वाचायला कुठलाही आधार नव्हता.

मग शेवटच्या पानावरची खुर्ची चाचणी त्याच विभागणीने मांडली. तिथे वरचं टोक असं काही नसतं, बारा वेळा उठणारा पंधरा वेळा उठू शकतो आणि पंधरावाला वीस वेळा. खालून सुरू झालेल्यांची वाढ नेहमीच्या कार्यक्रमात २.२ आणि वाढीवमध्ये ३.८ वेळा. वरून सुरू झालेल्यांची १.९ आणि ३.६. फरक अनुक्रमे १.६ आणि १.७. जवळजवळ सारखाच! प्रश्नावलीत दिसलेला “अशक्तांनाच फायदा” हा नमुना खुर्चीवर पार पुसला गेला.

इथे एक बारीक भेद लक्षात ठेवावा. खालून सुरू झालेले नेहमीच जास्त चढलेले दिसतात, याचं एक कारण छताशी संबंधित नाही. पहिल्या मोजणीच्या दिवशी ज्याचे गुण योगायोगाने कमी पडले, त्याचे पुढच्या वेळी आपोआप थोडे वर येतात. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. पण ते दोन्ही कार्यक्रमांत सारखंच घडतं. म्हणून एकाच कार्यक्रमातल्या खालच्या-वरच्यांची तुलना (१३.३ विरुद्ध ७.५) त्यामुळे फसवी होते. दोन कार्यक्रमांमधला ३.१ आणि ०.२ चा विरोधाभास मात्र त्याने समजावता येत नाही. तो मुख्यतः छताचा होता. ज्यांनी अशा तक्त्यांवरून निर्णय घेतले आहेत त्यांना ही दोन कारणं वेगळी करायला सांगून पाहा, बहुतेक वेळा एकाच्या नावावर दोन्ही खपवली जातात. मीही पूर्वी खपवली आहेत.

### टोबिट प्रतिमान

अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये घरगुती खर्चाच्या अभ्यासासाठी ही पद्धत मांडली. टिकाऊ वस्तूंवर अनेक कुटुंबांचा खर्च शून्य असतो आणि शून्याच्या खाली जाता येत नाही, ही त्यांची अडचण होती. म्हणजे तळाची. आपल्याकडे छताची. पद्धत ४८ हा आकडा ‘४८’ असा वाचत नाही, ‘४८ किंवा त्याहून जास्त’ असा वाचते, आणि खालच्या दिसणाऱ्या गुणांच्या आकारावरून पलीकडचा भाग अंदाजते.

तसं केल्यावर दोन कार्यक्रमांमधला फरक १.८ वरून २.८ वर गेला. विश्वासांतर −०.४ ते ६.०. पाहा, फरक वाढला पण अनिश्चितताही वाढली. हेच प्रामाणिक उत्तर होतं. आधीचं अरुंद विश्वासांतर आपल्याकडे नसलेली माहिती असल्याचा आव आणत होतं.

पण या पद्धतीवर सगळा भार टाकायला मी तयार नव्हतो, दोन कारणांनी. एक म्हणजे भिंतीपलीकडचा आकार नेहमीच्या घंटेसारखा आहे हे गृहीत आहे, आणि ते तपासायला भिंतीपलीकडचा एकही आकडा हातात नाही. दुसरं कारण जास्त मूलभूत आहे. ४८ च्या पुढे खरंच काही आहे का? जर विभागाला एवढंच हवं असेल की रुग्णाला रोजच्या आयुष्यात गुडघ्याचा त्रास होऊ नये, तर ४८ ला पोचलेल्याने गंतव्य गाठलं आहे. तिथे छत हा मापाचा दोष राहत नाही, ती खरोखरची हद्द आहे. पण विभागाला त्यांनी जिन्यावरून सामान घेऊन उतरावं, गुडघे टेकून काम करावं, बस पकडायला धावावं असंही हवं असेल, तर हद्द पुढे आहे आणि पट्टी आखूड आहे. हा प्रश्न संख्याशास्त्राचा नाही. तो विभागाने ठरवायचा होता, आणि तो कुणी ठरवलाच नव्हता.

फिजिओथेरपिस्ट मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “अहो, दुसरंच! पहिलं असतं तर वजनं कशाला वाढवत बसलो असतो?”

## काय केलं

अहवालाचं मुख्य वाक्य बदललं. “वाढीव कार्यक्रमाचा विशेष उपयोग नाही” हे काढलं. त्याजागी लिहिलं की सहा महिन्यांना वाढीव गटातले ४० टक्के आणि नेहमीच्या गटातले २५ टक्के रुग्ण प्रश्नावलीच्या सर्वोच्च गुणावर होते, त्यामुळे दोघांमधला खरा फरक १.८ गुणांपेक्षा मोठा असू शकतो आणि तो ३ च्या वर आहे की खाली हे या मापाने सांगता येत नाही. १.८ चा आकडा काढला नाही, आधी ठरलेलं विश्लेषण तेच होतं. टोबिटचा आकडा त्याच्या शेजारी, गृहीतांसकट. दोन्ही गटांचे स्तंभालेख पहिल्या पानावर.

गटवारीचा तक्ता अहवालात ठेवावा की नाही यावर बराच वाद झाला. काढून टाकला तर लपवल्यासारखं, ठेवला तर कुणीतरी तेवढाच उचलणार. शेवटी ठेवला, पण त्यातच एक जादा रकाना घातला: त्या चौकटीतले किती जण ४८ वर होते. खालचे नेहमीच्यात २, वाढीवमध्ये ५. वरचे ८ आणि ११. हा रकाना शेजारी असला की ०.२ कडे पाहणारा माणूस आपोआप थबकतो. माझ्या मते असा प्रत्येक तक्ता या रकान्याशिवाय छापूच नये.

खुर्ची चाचणीबद्दलही हात राखून लिहिलं. तिला छत नाही हे खरं, पण ती पायांची ताकद मोजते आणि वाढीव कार्यक्रम थेट तीच ताकद वाढवण्यासाठी होता. जे शिकवलं त्याचीच परीक्षा घेतल्यासारखं ते आहे. रोजच्या जगण्यात किती फरक पडला याचं ते उत्तर नाही. खुर्चीने एवढंच दाखवलं की वरून सुरू झालेल्यांमध्ये काहीच बदल झाला नाही हे म्हणणं चूक आहे.

कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय आठ महिने पुढे ढकलला आणि दुसरी तुकडी घ्यायचं ठरलं. त्या तुकडीसाठी प्रश्नावलीच्या १२ प्रश्नांपुढे सहा अवघड प्रश्न जोडले. कुठले, ते ठरवायला आधीच्या ४८ वाल्या रुग्णांना बोलावून विचारलं, “तुम्हाला अजून काय जमत नाही?” सव्वीस जणांपैकी कुणीही “सगळं जमतं” असं म्हणालं नाही. एका गृहस्थांनी लगेच सांगितलं, “खाली पडलेलं पेन उचलतो हो, पण कपाटाखाली गेलेलं नाही.” ‘गुडघा टेकून जमिनीलगतची वस्तू काढणं’ हा प्रश्न तिथून आला.

## तळाची बाजू, त्याच प्रश्नावलीत

हे सगळं चालू असताना शेजारच्या विभागाने एक जुना तक्ता आणून दाखवला. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेले ३० रुग्ण, आणि प्रश्नावलीतला फक्त दुखण्याचा भाग, चार प्रश्न, ० ते १६. प्रतीक्षेच्या सुरुवातीला सरासरी ३.१, तीन महिन्यांनी ३.२. निष्कर्ष लिहिला होता: “प्रतीक्षाकाळात वेदना स्थिर.”

तीसपैकी आठ जण सुरुवातीलाच ० वर होते. त्या आठांचं दुखणं वाढलं तरी ० च्या खाली जायला जागा नव्हती. सहा जण ० वरच राहिले, दोघे थोडे वर आले. तळावर एक गमतीदार आणि धोकादायक गोष्ट घडते. माणसाचं उत्तर दिवसागणिक थोडं हलतंच, पण तळावरून ते फक्त वरच हलू शकतं. म्हणून काहीही बदललं नसताना तळावरच्यांची सरासरी हळूच वर सरकते आणि बाकीच्यांची खरी घसरण झाकून टाकते. उरलेल्या २२ पैकी ९ जणांचे गुण घटले होते. त्या काळात रात्री झोपमोड होणाऱ्यांची नोंद आणि वेदनाशामक गोळ्यांचा वापर दोन्ही वाढले होते, तेही त्याच फायलीत, दुसऱ्या कागदावर.

चारच प्रश्नांचा भाग वेगळा काढला की टोकं जवळ येतात, हेही इथे दिसलं. या तीसपैकी पूर्ण १२ प्रश्नांच्या बेरजेत ० वर कुणीच नव्हतं. त्यामुळे एखादी प्रश्नावली टोकांच्या कसोटीला उतरते असं कुणी सांगितलं, तर ते बेरजेबद्दल आहे की उपभागाबद्दल, हे विचारून घ्यावं.

## चूक कुठे झाली होती

अभ्यास सुरू होण्याआधी वीस रुग्णांवर प्रश्नावली तपासली होती. मीच तपासली होती. सहा आठवड्यांच्या त्या वीस जणांत ४८ वर एकही नव्हता, आणि मी टिपणात लिहिलं होतं: “सीलिंग इफेक्ट आढळला नाही.” वाक्य खरं होतं आणि निरुपयोगी होतं. पट्टीची लांबी माणसं जिथून निघतात तिथे मोजून चालत नाही, जिथे पोचणार आहेत तिथे मोजावी लागते. सहा महिने झालेले जुने वीस रुग्ण बोलावून एकदा प्रश्नावली भरून घेतली असती तर एका दुपारीत सगळं कळलं असतं. सीलिंग इफेक्ट हा प्रश्नावलीच्या अंगचा गुण नाहीच म्हणा. तीच प्रश्नावली, वेगळी माणसं, वेगळा महिना, आणि छत येतं किंवा जातं.

दुसरी चूक, ३ गुणांचा नियम ठरवताना सुरुवातीचे गुण पाहिले नाहीत. दोन रुग्ण ४४ वर सुरू झाले होते. त्यांना कार्यक्रमाने कितीही दिलं तरी कागदावर ४ च्या वर दिसणार नव्हतं, आणि विभागात सुधारणेची सर्रास सरासरी मात्र ९-१० धरली जायची.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही, माझं मत अजून पक्कं नाही. दुसरी मोजणी फक्त सहा महिन्यांना केली. कार्यक्रम संपल्यावर लगेच, बाराव्या आठवड्याच्या आसपास, केली असती तर बहुतेक लोक पट्टीच्या मधल्या भागात असते आणि फरक जास्त स्वच्छ दिसला असता. पण मग तो टिकला का, हे कळलं नसतं. पुढच्या तुकडीत दोन्ही वेळा मोजायचं ठरवलं, रुग्ण कंटाळणार हे माहीत असूनही.

## पुढे काय झालं

दुसऱ्या तुकडीत ५२ रुग्ण आले, प्रत्येक कार्यक्रमात २६. अठरा प्रश्न, बेरीज ० ते ७२. सहा महिन्यांना ७२ वर चारच जण होते, आठ टक्क्यांच्या आत. जुने १२ प्रश्न वेगळे मोजले तर त्याच रुग्णांपैकी सोळा जण ४८ वर होते. म्हणजे माणसं तशीच होती, पट्टी लांबली होती.

वाढीव गट ३.९ गुणांनी पुढे होता, विश्वासांतर ०.३ ते ७.५. सुरुवातीच्या गुणांनुसार पाडलेल्या दोन भागांत हा फरक फारसा वेगळा नव्हता, त्यामुळे “फक्त अशक्तांना द्या” हा प्रस्ताव मागे घेतला गेला. बाराव्या आठवड्याचा फरक थोडा मोठा निघाला, पण त्या दिवशी अकरा रुग्णांनी फॉर्म अर्धवट सोडले होते, म्हणून त्यावर कुणी फार जोर दिला नाही.

विभागप्रमुखांनी आकडा पाहिला आणि विचारलं, “३.९ म्हणजे ३ च्या वर. म्हणजे पास ना?”

तो ३ चा नियम ४८ च्या पट्टीवरचा होता. ७२ च्या पट्टीवर तो प्रमाणात वाढवून ४.५ करायचा म्हटलं तर कार्यक्रम नापास होतो. पण जोडलेले सहाही प्रश्न अवघड टोकाचे आहेत, त्यामुळे सरळ प्रमाण लावणंही बरोबर नाही. वरच्या टोकाचा एक गुण आणि मधला एक गुण रुग्णाला सारखाच जाणवतो असं मानायला काही आधार नाही. आता आधी रुग्णांनाच विचारलं जातंय, तुम्हाला स्वतःला किती फरक जाणवला, आणि ज्यांनी “थोडा पण नक्की” असं सांगितलं त्यांचे गुण किती बदलले ते पाहून नवी रेषा ठरवायची आहे. तोवर वाढीव कार्यक्रम चालू आहे, आठवड्यातून दोन जादा सत्रांऐवजी एका सत्रावर.